एका बखरीच्या पाच जागा : लेखक नसलेल्या नोंदी संदर्भसूचीत कुठे बसतात?

१/
शिवकालाविषयी लेख लिहून झाला आहे, तळटिपा जुळल्या आहेत आणि आता शेवटचे काम म्हणून संदर्भसूची अकारविल्हे लावायची आहे, असे समजू या. आपटे, ग्रँट डफ, राजवाडे, सभासद ही नावे आपापल्या जागी सहज बसतात. मग हाती एक नोंद उरते : ‘९१ कलमी बखर’. तिच्या आरंभी लेखकाचे नाव नाही आणि अक्षरही नाही, तिथे आकडा आहे. ती कुठे ठेवायची? हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याच्या उत्तरासाठी ग्रंथपालांनी दीडशे वर्षे वाद घातला आहे, आणि त्या उत्तरातून आपण इतिहासाविषयी नकळत एक विधानही करत असतो. आजचा हा धागा त्याविषयी.

२/
आधी आपली छोटी सूची मांडून घेऊ. नोंदी पूर्ण नाहीत, क्रम दिसण्यापुरताच मजकूर घेतला आहे.

आपटे, द. वि. व दिवेकर, स. म. (संपा.). शिवचरित्रप्रदीप.
ग्रँट डफ, जेम्स. मराठ्यांचा इतिहास.
जेधे शकावली.
राजवाडे, वि. का. (संपा.). मराठ्यांच्या इतिहासाची साधने.
शिवदिग्विजय.
सभासद, कृष्णाजी अनंत. सभासदाची बखर.

यात दोन नोंदी आधीच लेखकाविना आहेत : जेधे शकावली आणि शिवदिग्विजय. त्या शीर्षकाच्या पहिल्या शब्दावरून बसल्या आहेत आणि लेखकांच्या रांगेत मिसळून गेल्या आहेत. आता या सहांमध्ये सातवी, म्हणजे आपली ९१ कलमी बखर, घालायची आहे. तिला किती ठिकाणी बसवता येते ते एकेक करून पाहू.

३/
पहिला मोह असतो तो ‘अज्ञात’ असे लिहून मोकळे होण्याचा. लेखक माहीत नाही, तर लेखकाच्या जागी ‘अज्ञात’ लिहावे, हे वरवर पाहता रास्त वाटते. पण तसे केले, तर जेधे शकावली आणि शिवदिग्विजय यांनाही तोच न्याय लावावा लागेल आणि तिन्ही ग्रंथ ‘अ’खाली एकत्र येतील. जणू अज्ञात नावाच्या एका गृहस्थांनी तीन ग्रंथ लिहिले! मुख्य म्हणजे वाचक सूचीकडे येतो तो लेखातल्या कंसातला किंवा तळटिपेतला एक शब्द हातात घेऊन. त्याच्या हाती ‘जेधे’ हा शब्द असतो, ‘अज्ञात’ नसतो. आजच्या प्रचलित पद्धतीही हेच सांगतात. एपीए पद्धतीत ‘अज्ञात’ या अर्थाचा शब्द लेखकाच्या जागी तेव्हाच येतो, जेव्हा मूळ कृतीवरच तशी स्वाक्षरी असते. एमएलए पद्धत तर तो लिहूच नका म्हणते. दोन्हींत शीर्षक उचलून लेखकाच्या जागी येते.

४/
मात्र शीर्षक पुढे आणायचे ठरले, तरी शीर्षकातला कोणता शब्द धरायचा, हे ठरायला फार काळ लागला. त्यासाठी लंडनला जावे लागेल. अँटोनियो पानिझ्झी हा इटलीतून परागंदा झालेला क्रांतिकारक. १८२३ मध्ये तो इंग्लंडला पोहोचला, १८३१ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या नोकरीत शिरला आणि १८३७ मध्ये तिथल्या मुद्रित ग्रंथविभागाचा प्रमुख झाला. त्याच्यापुढे लाखो पुस्तकांची सूची करण्याचे काम होते आणि त्यांतली कितीतरी पुस्तके, विशेषतः राजकीय पत्रके, निनावी होती. राजाविरुद्ध किंवा चर्चविरुद्ध लिहिणारा माणूस मुखपृष्ठावर आपले नाव कशाला छापील?

५/
पानिझ्झी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सूचीचे नियम तयार केले. ते १८४१ मध्ये छापले गेले. त्यांची संख्या होती एक्याण्णव! आपल्या बखरीची कलमेही एक्याण्णवच. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहण्यासारखा. या नियमांत निनावी ग्रंथांसाठी एक उतरंड होती. शीर्षकात एखाद्या व्यक्तीचे नाव असेल आणि ग्रंथ तिच्याविषयी असेल, तर नोंद त्या व्यक्तीच्या नावाखाली करायची. व्यक्ती नसेल तर सभा किंवा संस्था पाहायची, ती नसेल तर देश, प्रांत किंवा गाव. यांतले काहीच नसेल, तर शीर्षकातले पहिले नाम धरायचे आणि नामही नसेल तर पहिला शब्द.

६/
हे नियम आपल्या सूचीला लावून पाहा. ‘शिवदिग्विजय’च्या नावातच शिवाजी महाराज आहेत, म्हणून ती नोंद त्यांच्या नावाखाली गेली असती. जेधे शकावली जेधे घराण्याच्या नावाखाली. पण ‘९१ कलमी बखर’ या शीर्षकात व्यक्ती नाही, संस्था नाही, गावही नाही. ग्रंथ सगळा शिवचरित्राचा, पण नावात त्याचा मागमूस नाही. ‘९१’ ही संख्या, ‘कलमी’ हे विशेषण. पहिले खरे नाम आहे ते ‘बखर’. म्हणजे पानिझ्झीच्या हाताखालच्या कारकुनाने ही नोंद ‘ब’मध्ये नेली असती : जेधे शकावलीनंतर आणि राजवाड्यांच्या आधी. ही झाली बखरीची पहिली जागा.

७/
या जागेतली अडचण मराठी माणसाला लगेच कळेल. आपल्याकडे बखरींची रेलचेल आहे. नाम धरून सूची लावली, तर निनावी बखरींचा सगळा ढीग ‘बखर’ या एकाच शब्दाखाली साचतो आणि त्या ढिगातला क्रम पुन्हा नव्याने ठरवावा लागतो. शिवाय वाचकाला आधी व्याकरण सोडवावे लागते : या शीर्षकात पहिले नाम कोणते? लंडनमध्येही हीच गत होती. निनावी पत्रक शोधणाऱ्या वाचकाला आधी नियमांची ती उतरंड ठाऊक असणे भाग होते.

८/
त्यावरून वादंग माजला. १८४७ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी राजआयोग नेमला गेला. फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहासकार टॉमस कार्लाइल याने आयोगापुढे तक्रार मांडली की, राज्यक्रांतीच्या पत्रकांचे मोठे संग्रह म्युझियममध्ये आहेत, पण धड सूची नसल्याने त्यांचा उपयोग करता येत नाही. इतिहासकाराची अडचण खरी होती. साधन इमारतीत आहे, पण ते कुठे शोधायचे हे कळत नसेल, तर ते नसल्यासारखेच.

९/
सूची करणे म्हणजे काय मोठेसे, असे म्हणणारेही पुढे आले. जॉन पेन कॉलियर या साहित्य-संशोधकाने आपल्या घरच्या पंचवीस पुस्तकांच्या नोंदी तासाभरात करून दाखवल्या. त्या पानिझ्झीचा सहकारी जॉन विंटर जोन्स याच्याकडे तपासायला गेल्या आणि त्याने त्यांतल्या चुकांची भली मोठी यादी काढली. कॉलियर विद्वान होता आणि पुस्तके त्याच्या स्वतःच्या कपाटातली होती, तरी ही अवस्था. १८५० मधल्या अहवालात आयोगाने पानिझ्झीची बाजू उचलून धरली.

१०/
या प्रकरणातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते. म्युझियमच्या विश्वस्तांना सूची लवकर छापून हवी होती, म्हणून ‘ए’ अक्षराचा खंड १८४१ मध्ये आधी छापला गेला. पानिझ्झीचा याला विरोध होता. सगळी पुस्तके तपासून होईपर्यंत ‘ए’मध्ये नेमके काय येणार, हे कोणालाच ठाऊक नसते, असे त्याचे म्हणणे. निनावी पुस्तकाचे हेच असते. आज ते शीर्षकाखाली आहे, उद्या लेखक सापडला की ते दुसऱ्या अक्षरात जाते. तो ‘ए’चा खंड निघाला आणि छपाई तिथेच थांबली.

११/
पुढचा टप्पा अमेरिकेतला. बॉस्टन अथेनियम या ग्रंथालयाचा ग्रंथपाल चार्ल्स अॅमी कटर याने १८७६ मध्ये छापील सूचीचे नियम प्रसिद्ध केले. त्याने प्रश्नच उलटा विचारला : वाचकाला काय ठाऊक असते? कुणाला लेखक ठाऊक असतो, कुणाला शीर्षक, कुणाला विषय. शीर्षक ठाऊक असलेला वाचक ते सुरुवातीपासून आठवतो, त्यातले पहिले नाम हुडकत बसत नाही. म्हणून नोंद पहिल्या शब्दाखाली करावी. फक्त इंग्रजीतल्या ‘द’, ‘अ’, ‘अॅन’सारखी उपपदे क्रम लावताना सोडून द्यावीत, कारण ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

१२/
पण पहिला ‘शब्द’ आकडाच असेल तर? कटरचा नियम असा : आकडा त्या शीर्षकाच्या भाषेत अक्षरांत लिहिला आहे असे समजावे आणि त्याप्रमाणे क्रम लावावा. म्हणजे डोळ्यांना जे दिसते त्याप्रमाणे नव्हे, कानांना जे ऐकू येते त्याप्रमाणे. ‘९१ कलमी बखर’ आपण ‘एक्याण्णव कलमी बखर’ अशी वाचतो, म्हणून ती ‘ए’मध्ये जाते : आपट्यांनंतर आणि ग्रँट डफच्या आधी. ही बखरीची दुसरी जागा. या ग्रंथाचे नाव काही ठिकाणी आकड्यात तर काही ठिकाणी अक्षरांत छापलेले आढळते. कानाचा नियम लावला की दोन्ही रूपे एकाच जागी येतात, हा त्याचा मोठा गुण.

१३/
या नियमाचा दोष ग्रंथसंग्रह वाढला की दिसू लागतो. सेलर आणि येटमन यांनी १९३० मध्ये इंग्लंडच्या इतिहासाची फिरकी घेणारे एक पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकाचा आरंभ १०६६ या सनाने होतो. इंग्रज माणूस हा सन ‘टेन सिक्स्टी-सिक्स’ असा उच्चारतो. ज्याला हे ठाऊक नाही तो ते ‘वन थाउजंड’खाली शोधणार आणि रिकाम्या हाताने परतणार. मराठीतही तेच. १८५७ हा आकडा आपण ‘अठराशे सत्तावन’ असा वाचतो, पण ‘एक हजार आठशे सत्तावन’ असे वाचणारा चुकतो असे म्हणता येत नाही. पहिला ‘अ’मध्ये जाईल, दुसरा ‘ए’मध्ये.

१४/
इतिहासाच्या सूचीत याहून मोठी गंमत होते. समजा, तुमच्याकडे लेखकाचे नाव नसलेल्या तीन पुस्तिका आहेत आणि त्यांची शीर्षके १७६१, १८१८ आणि १९४२ या सनांनी सुरू होतात. कानाने क्रम लावला तर ‘अठराशे अठरा’ सर्वांत आधी, मग ‘एकोणीसशे बेचाळीस’, आणि ‘सतराशे एकसष्ट’ सर्वांत शेवटी. पानिपत चलेजावच्या चळवळीनंतर! वर्णानुक्रमाला हे चालते, कारण त्याला काळाशी कर्तव्य नसते. पण आकडे पाहणारा वाचक ते चढत्या क्रमाने असतील अशीच अपेक्षा ठेवतो.

१५/
भाषेचा प्रश्न वेगळाच. ‘२०’ने सुरू होणारे मराठी शीर्षक ‘वीस’ म्हणून ‘व’मध्ये जाते, तर हिंदी शीर्षक ‘बीस’ म्हणून ‘ब’मध्ये. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली तर आकडा तोच, लिपीही तीच, आणि सूचीतल्या जागा मात्र दूर. सूची करणाऱ्याला प्रत्येक भाषेतले आकड्यांचे उच्चार ठाऊक हवेत. माणसे कार्डे लावत होती तोवर हे निभावले. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९४२ आणि १९६८ च्या नियमांतही आकडे उच्चाराप्रमाणेच लावायचे होते. मग संगणक आला.

१६/
संगणकाला १०६६ कसे उच्चारतात हे कळत नाही. त्याला दिसते ते चिन्ह. म्हणून १९८० मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने आणि त्याच वर्षी लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही आपले नियम बदलले : आकडे सगळ्या अक्षरांच्या आधी ठेवावेत आणि आपसांत संख्येच्या मोलाने चढत्या क्रमाने लावावेत. कानाचा नियम जाऊन डोळ्याचा नियम आला. या नियमाने आपली बखर सूचीत सर्वांत वर जाते, आपट्यांच्याही आधी. ही तिसरी जागा. वर सांगितलेल्या तिन्ही पुस्तिकाही १७६१, १८१८, १९४२ अशा ओळीने उभ्या राहतात.

१७/
‘आकडे आधी’ हा संगणकाचा निसर्गनियम आहे, असे मात्र समजू नका. ती माणसांनीच केलेली निवड आहे. अक्षरांना सांकेतिक क्रमांक देणारी अमेरिकेची आस्की प्रमाणसंहिता १९६३ मध्ये आली. तीत आकड्यांचे क्रमांक अक्षरांच्या आधी आहेत. त्याच काळात आयबीएमने आपल्या यंत्रांसाठी वापरलेल्या एब्सिडिक संहितेत मात्र आकडे अक्षरांनंतर येतात. यंत्रे दोन्ही, पण क्रम उलटसुलट.

१८/
देवनागरीत तर हा प्रश्न आजही आपल्या टेबलावर आहे. युनिकोडने देवनागरीची मांडणी भारतीय इस्की संहितेवरून घेतली. त्या मांडणीत स्वर आणि व्यंजने आधी आणि आकडे शेवटी. ‘ह’चा क्रमांक U+0939, तर ‘९’चा U+096F. उलट इंग्रजी 9 चा क्रमांक आहे U+0039, म्हणजे साऱ्या अक्षरांच्या आधी. याचा परिणाम पाहायचा असेल तर पायथॉनमध्ये एवढी ओळ चालवून पाहा :

```
sorted(["सभासद", "९१ कलमी बखर", "ॐ", "91 कलमी बखर", "आपटे"])
```

उत्तर येते :

```
['91 कलमी बखर', 'आपटे', 'सभासद', 'ॐ', '९१ कलमी बखर']
```

१९/
एकच बखर, एकच शीर्षक. आकडा इंग्रजी कळफलकावरून टंकला तर ती सूचीत पहिली आणि मराठीतून टंकला तर सभासदाच्याही खाली शेवटची. ही चौथी जागा, आणि ती कुणी विचारपूर्वक दिलेली नाही. दुसरे म्हणजे ‘ॐ’ हे चिन्हही ‘ह’नंतरच्या क्रमांकामुळे तळाशी गेले आहे. भाषेनुसार क्रम लावण्याची युनिकोडची वेगळी पद्धत आहे. ती वापरणारी सॉफ्टवेअर ९ आणि 9 यांना एकच मोल देतात आणि आकडे अक्षरांच्या आधी ठेवतात. पण तुमची प्रणाली कोणती पद्धत वापरते, हे दिसण्यावरून कळत नाही. कळायचे एकच लक्षण : यंत्राने लावलेली सूची मिळाली की तिचा शेवट तपासा. ‘ह’च्या खाली आकडे किंवा ‘ॐ’ आढळले, तर तो क्रम वर्णमालेचा नसून सांकेतिक क्रमांकांचा आहे.

२०/
चिन्हांचे म्हणाल, तर इतिहासाच्या साधनांत ती पदोपदी भेटतात. जुन्या पत्राच्या माथ्यावर ‘॥ श्री ॥’ असते. ते मंगलाचरण आहे, शीर्षक नव्हे. ते क्रमात धरले, तर बहुतेक सगळी पत्रे ‘श्री’खाली जमतील. म्हणून दंड, अवतरणचिन्हे, कंस, टिंबे ही क्रम लावताना नाहीतच असे मानायचे आणि पहिल्या खऱ्या शब्दापासून सुरुवात करायची. नोंदीत ती लिहायला हरकत नाही, फक्त जागा ठरवताना त्यांना मत नसते. ‘शिवदिग्विजय’ हे नाव कुठे ‘श्रीशिवदिग्विजय’ असे आढळले, तरी आदरार्थी ‘श्री’ ओलांडून ‘शि’खालीच ठेवावे. नाहीतर एकाच ग्रंथाच्या दोन नोंदी होतील.

२१/
आता पाचवी जागा, आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत जोखमीची. परंपरेने ९१ कलमी बखर दत्ताजी त्रिमल वाकेनवीस यांच्या नावावर सांगितली जाते. अभ्यासकांत यावर एकमत नाही. पण समजा, सूचीत एखादी लेखकाविना नोंद बरी दिसत नाही म्हणून तुम्ही ‘वाकेनवीस, दत्ताजी त्रिमल’ असे लिहिले. बखर लगेच ‘व’मध्ये जाते : राजवाड्यांनंतर, शिवदिग्विजयच्या आधी. सूची नीटस दिसते. पण तुम्ही नुसता क्रम लावलेला नाही. बखरीचा कर्ता शिवाजी महाराजांचा समकालीन वाकेनवीस होता, असा निवाडा तुम्ही एका ओळीत, पुरावा न देता, करून टाकला आहे. पुढचा लेखक तुमच्या सूचीवरून ती नोंद उचलतो आणि दोन-चार पुस्तकांनंतर वादातले कर्तृत्व सर्वमान्य होऊन बसते.

२२/
असाच दुसरा घोटाळा म्हणजे प्रकाशात आणणाऱ्याला लेखक करणे. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. शिवजन्मतिथीच्या वादात ती फार महत्त्वाची ठरली. म्हणून कुणी ती ‘टिळक, बाळ गंगाधर’ अशी लावली, तर वाचकाचा समज होईल की शके १५५१ च्या नोंदी विसाव्या शतकातल्या माणसाने लिहिल्या. संपादक किंवा प्रकाशक यांचे नाव शीर्षकानंतर येते, त्याने जागा ठरत नाही. आपट्यांचा शिवचरित्रप्रदीप मात्र ‘आ’मध्ये आहे, कारण तो निरनिराळी साधने एकत्र करून सिद्ध केलेला संपादित ग्रंथ आहे आणि नोंद त्या संग्रहाची आहे, एका जुन्या कागदाची नाही.

२३/
मग नाव कधी पुढे आणावे? त्याचे उदाहरणही मराठी माणसाचेच आहे. १८५७ च्या उठावावरचे सावरकरांचे पुस्तक १९०९ मध्ये इंग्रजीत निघाले तेव्हा लेखकाच्या जागी नाव नव्हते, ‘एक भारतीय राष्ट्रवादी’ या अर्थाचे शब्द होते. ब्रिटिश सरकारने त्यावर प्रसिद्धीपूर्वीच बंदी घातली होती, त्यामुळे नाव का नव्हते हे सांगायला नको. इथे कर्तृत्वाबद्दल आज वाद नाही. म्हणून नोंद ‘[सावरकर, वि. दा.]’ अशी करता येते. चौकटी कंसाचा अर्थ : हे नाव मुखपृष्ठावर नव्हते, सूची करणाऱ्याने घातले आहे. एवढ्या दोन रेषांत वाचकाला लेखकही कळतो आणि १९०९ मध्ये तो का लपला होता, हा प्रश्नही पडतो. कंस वगळला तर पुस्तकाच्या इतिहासातला तो भाग पुसला जातो.

२४/
सारांश असा. एक बखर आणि सहा नोंदींच्या यादीत तिच्या पाच जागा : पहिल्या नामावरून ‘ब’मध्ये, उच्चारावरून ‘ए’मध्ये, आकडा म्हणून सर्वांत वर, सांकेतिक क्रमांकावरून सर्वांत खाली आणि तर्कातल्या लेखकावरून ‘व’मध्ये. यांतली शेवटची पुराव्यावाचून घेऊ नये, चौथी चुकूनही राहू देऊ नये आणि पहिली आता इतिहासजमा झाली आहे. खरी निवड उरते ती कान आणि डोळा यांच्यात.

२५/
लेखाच्या शेवटच्या लहान सूचीसाठी मी कानाचा नियम पसंत करतो. एमएलए पद्धतही आकडा अक्षरांत लिहिल्याप्रमाणेच लावायला सांगते. आकड्याने सुरू होणाऱ्या नोंदी एक-दोनच असतात आणि मराठी वाचक ‘एक्याण्णव’ मनात उच्चारूनच शोधतो. आकड्यांनी सुरू होणारी शीर्षके अनेक असतील, सूची अनेक भाषांची असेल किंवा यंत्राने लावायची असेल, तर डोळ्याचा नियम बरा : आकडे सर्वांत आधी, चढत्या क्रमाने. दोन्ही एकाच सूचीत मिसळू नयेत. आणि जो नियम घेतला तो सूचीच्या माथ्यावर एका वाक्यात सांगावा.

२६/
तर आपली सूची अखेर अशी लागली. माथ्यावर ओळ : ‘लेखक नसलेल्या नोंदी शीर्षकावरून लावल्या आहेत. आकडे उच्चाराप्रमाणे धरले आहेत.’ मग आपटे, त्यानंतर ९१ कलमी बखर, तिच्या नावापुढे संपादक वाकसकर यांचे नाव, आणि शेवटी कंसात : ‘कर्तृत्व दत्ताजी त्रिमल वाकेनवीस यांचे म्हणून सांगितले जाते, वादग्रस्त.’ नंतर ग्रँट डफ, जेधे शकावली, राजवाडे, शिवदिग्विजय, सभासद. लेखात कंसातला संदर्भ देतानाही (९१ कलमी बखर) असेच लिहायचे, ‘वाकेनवीस’ नाही. वाचक ज्या शब्दाचे बोट धरून येईल, तो शब्द सूचीत त्याच जागी भेटला पाहिजे.

२७/
आपल्या कपाटातल्या एखाद्या इतिहासग्रंथाची संदर्भसूची काढा आणि तीत बखरी, शकावल्या, करीने कुठे बसवले आहेत ते पाहा. ज्यांच्यापुढे लेखकाचे नाव आहे, ते मूळ हस्तलिखितात होते की कुणी नंतर जोडले, एवढे विचारून बघा. एखादी नोंद नक्कीच हलवावी लागेल. कोणती, ते खाली जरूर लिहा.